मुक्तीचा अधिकार आणि दीक्षेचा अधिकार : मराठवाड्यातील धर्मपरंपरांमध्ये स्त्री

धर्मपरंपरांतील स्त्रीच्या स्थानाविषयी आजवर झालेल्या लेखनाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे, तो म्हणजे अमुक पंथाने स्त्रीला समान मानले की हीन मानले. प्रश्न या स्वरूपात विचारला की उत्तर ठरल्यासारखे येते. पंथाचे अनुयायी संस्थापकाची उदार वचने पुढे करतात, टीकाकार त्याच पंथातील निर्बंधांची यादी मांडतात, आणि दोन्ही बाजूंचे पुरावे खरे असूनही वाद जागचा हलत नाही. याचे कारण असे की समानता या एका शब्दात तीन वेगळे अधिकार एकत्र बांधलेले असतात. पहिला अधिकार ग्रहणाचा, म्हणजे मुक्तीला, कृपेला किंवा दीक्षेला पात्र ठरण्याचा. दुसरा जाणण्याचा, म्हणजे धर्मवचन स्वतःला समजणाऱ्या भाषेत ऐकण्याचा आणि त्यावर प्रश्न विचारण्याचा. आणि तिसरा देण्याचा, म्हणजे दुसऱ्याला दीक्षा देण्याचा, वचनाचा अर्थ अधिकृतपणे लावण्याचा आणि पवित्र स्थानाची व्यवस्था पाहण्याचा. हे तीन अधिकार एकत्र मिळतात असे गृहीत धरण्याला इतिहासात आधार नाही, आणि नांदेड-लातूरच्या परिसरातील परंपरा तपासल्या तर त्यांची फारकत विशेष स्पष्टपणे दिसते. कारण या दोन जिल्ह्यांत आणि त्यांच्या शेजारी माहूरचे देवीपीठ, महानुभाव पंथ, लिंगायत परंपरा आणि शीख धर्म हे सर्व शतकानुशतके एकमेकांलगत नांदत आले आहेत.

या चर्चेत समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांची मांडणी अजूनही पायाभूत मानली जाते. वेबर यांच्या मते समाजाच्या खालच्या थरांतून उभे राहणारे धर्म आरंभी स्त्रियांना मोठ्या मोकळेपणाने सामावून घेतात, परंतु संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वाची जागा पुढे नियम, पदे आणि कर्मकांड यांनी घेतली की ती मोकळीक आक्रसते आणि धार्मिक कार्याची सूत्रे पुरुषांकडे जातात. ख्रिस्ती परंपरेच्या अभ्यासक एलिझाबेथ श्युसलर फिओरेंझा यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आरंभीच्या ख्रिस्ती समुदायाचे जे चित्र रेखाटले, तेही समान शिष्यत्वाकडून पुरुषसत्ताक चर्चकडे झालेल्या प्रवासाचे आहे. मात्र त्यांनी एक महत्त्वाची भर घातली ती अशी की ग्रंथ पुरुषांनी लिहिले असल्यामुळे स्त्रियांच्या कार्याचे जे उल्लेख त्यांत उरले, ते मूळ वास्तवाचा केवळ काही अंश मानावेत. या दोन्ही विचारांना कसोटीवर घासण्यासाठी महानुभाव पंथाइतके चांगले साधन मराठी प्रदेशात दुसरे नाही, कारण त्या पंथाने आपल्या उदयकाळाचा तपशील गद्यात, मराठीत आणि घटना घडून गेल्यावर फार काळ लोटण्याआधी नोंदवून ठेवला.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या या पंथात पाच अवतार मानले जातात, त्यांना पंचकृष्ण म्हणतात, आणि त्यांपैकी श्रीदत्तात्रेय प्रभू यांचे स्थान नांदेड जिल्ह्यातील माहूर हे आहे. चक्रधरांच्या आठवणींचा म्हाइंभटांनी संकलित केलेला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ स्त्रियांनी भरलेला आहे. बाइसा त्यांच्या सतत सान्निध्यात वावरतात, त्यांच्या भोजनाची आणि सेवेची व्यवस्था पाहतात. महदाइसा, म्हणजे महदंबा, ही विधवा स्त्री वारंवार प्रश्न विचारते, मिळालेल्या उत्तरावर पुन्हा शंका काढते, आणि तिच्या या चिकित्सक वृत्तीचे चक्रधर कौतुकच करतात. स्त्री-शिष्यांविषयी कुरकुर करणाऱ्या एका पुरुषाला ते सांगतात की जीव म्हणून दोघांत काही भेद नाही. मासिक पाळीच्या विटाळाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर तर त्या काळाच्या धर्मशास्त्रापुढे विलक्षण धीट आहे. नाक, डोळे, कान या द्वारांतून जसा मळ स्रवतो तसाच हाही देहधर्म आहे, तो येतो आणि थांबतो, त्यात पाप-पुण्याचा संबंध नाही, असा त्याचा आशय आहे. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेवरच स्त्रीला मंत्र, मूर्ती आणि ग्रंथ यांपासून दूर ठेवण्याची सारी रचना उभी होती, हे लक्षात घेतले तर या एका उत्तराने किती मोठा आधार काढून घेतला हे कळते.

येथवरचा पुरावा वेबर यांच्या बाजूचा आहे. परंतु ज्या परंपरेने ही उत्तरे जपली, तिनेच चक्रधरांची आचारविषयक वचनेही ‘सूत्रपाठ’ या संग्रहात जपली, आणि त्यांत पुरुष संन्याशाने चित्रातील स्त्रीकडेही पाहू नये अशी आज्ञा आहे. पंथाच्या साधनमार्गाचा गाभा असलेली आज्ञा अशी की साधकाने ओळखीचा प्रदेश सोडावा, एकट्याने अटन करावे, म्हणजे सतत फिरत राहावे, भिक्षेवर जगावे आणि झाडाखाली आयुष्य घालवावे. हा आदर्श लिंगनिरपेक्ष शब्दांत सांगितला असला तरी तेराव्या शतकातील एकट्या स्त्रीला अनोळखी मुलखात तो पाळणे पुरुषाइतके शक्य नव्हते, आणि नियमाने तिला वगळले नसले तरी रस्त्याने वगळले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी या पंथाच्या धर्मविचाराचा आणि ग्रंथांचा दीर्घ अभ्यास करून त्यातील संन्यासधर्माची कठोरता विस्ताराने दाखवली आहे, तर ख्रिश्चन नोवेत्झ्के यांनी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की ‘लीळाचरित्र’ जाती आणि लिंग यांवर आधारलेल्या विषमतेला बोलते करते, तिच्यावर चर्चा घडवते, परंतु सामाजिक व्यवस्था उलथवण्याचा कार्यक्रम त्यात शोधणे योग्य नाही. याचा अर्थ वेबर सांगतात तसा मोकळीक आधी आणि निर्बंध नंतर असा क्रम येथे लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गुरूच्या मुखी, एकाच ग्रंथपरंपरेत, पहिल्या पिढीतच शेजारी उभ्या आहेत, आणि म्हणून आरंभीच्या सुवर्णकाळाची कल्पना या पंथाच्या बाबतीत तरी सोडून द्यावी लागते.

मग या स्त्रियांच्या वाट्याला नेमके काय आले, याचे उत्तर ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथातील एका प्रसंगात सापडते, आणि तो प्रसंग मराठी भाषेच्या इतिहासात भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितला जात असला तरी त्याचे खरे महत्त्व वेगळे आहे. चक्रधरांनंतर पंथाचे नेतृत्व नागदेव, म्हणजे भटोबास, यांच्याकडे आले. केशिराज हे संस्कृतज्ञ शिष्य पंथाच्या तत्त्वज्ञानाची रचना संस्कृतात करू पाहत होते, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवले, आणि कारण असे दिले की संस्कृतामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील. देशी भाषा श्रेष्ठ की देववाणी श्रेष्ठ असा सैद्धांतिक मुद्दा त्यांनी काढलेला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या भोवती बसणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या, आठवणी सांगणाऱ्या विशिष्ट स्त्रिया होत्या. त्या स्त्रिया म्हणजे केवळ श्रोत्यांचा समूह नव्हता, कारण म्हाइंभटांनी ज्या साक्षीदारांच्या स्मरणावर ग्रंथ उभा केला त्यांत स्त्रियांचा वाटा ठळक आहे. एखाद्या पंथाचे शास्त्र कोणत्या भाषेत राहावे हा निर्णय स्त्रियांच्या गरजेवर बेतला गेल्याची अशी दुसरी स्पष्ट नोंद भारतीय परंपरेत सहज सापडणार नाही.

याच जाणण्याच्या अधिकारातून महदंबेचे काव्य जन्मले. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी वराला उद्देशून गायची गीते, आणि तो प्रकार स्त्रियांच्या घरगुती समारंभांतील होता. ऋद्धिपूर येथे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांनी लग्नाचा खेळ मांडला असता महदंबेने रुक्मिणीस्वयंवराच्या कथेवर असे धवळे रचून गायले, आणि त्यामुळे ती आद्य मराठी कवयित्री मानली जाते. तिने पुराणकथा घेतली, पण ती सांगण्यासाठी पंडिताचा घाट उसना न घेता अंगणातील गाण्याचा घाट वापरला, आणि पंथाने ती रचना आपल्या ग्रंथसंपदेत आदराने ठेवली. कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी मध्ययुगीन युरोपातील साध्वींच्या अभ्यासातून असा निष्कर्ष मांडला होता की पुरुषांच्या धार्मिक कथनात स्थित्यंतर आणि उलथापालथ यांना जे महत्त्व असते ते स्त्रियांच्या कथनात नसते; स्त्रिया रोजच्या अनुभवाचे सातत्यच अधिक खोल करत नेतात. महदंबेचे धवळे, आणि परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठलाने दळणकांडणाला लावलेला हात, यांना हा विचार चांगला लागू पडतो. त्यावर आक्षेपही घेता येतो, आणि तो गंभीर आहे : विठ्ठल जात्याला हात लावतो तरी दासीचे दळण संपत नाही, आणि भक्तीने श्रमाला अर्थ दिला म्हणून श्रमाची वाटणी बदलली असे होत नाही. डॉ. तारा भवाळकर यांनी ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ या पुस्तकात संत स्त्रियांच्या रचनेकडे आत्मभानाचा उद्गार म्हणून पाहिले आहे, आणि ते वाचन अधिक नेमके वाटते, कारण त्यात स्थिती बदलल्याचा दावा नाही; स्वतःच्या स्थितीला स्वतःच्या शब्दांत नाव देता येण्याचे मोल मात्र त्यात मान्य केलेले आहे.

तिसरा अधिकार, देण्याचा, याच पंथात कसा निसटतो हेही पाहिले पाहिजे. नागदेवांनी स्त्रियांसाठी मराठीत राखलेले ग्रंथ चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले. अक्षरांची अदलाबदल करून पंथाबाहेरच्या वाचकापासून मजकूर झाकण्याची ही पद्धत होती, तिच्यामागे संरक्षणाची गरज होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती उलगडेपर्यंत मराठी समाजाला या वाङ्मयाचा फारसा परिचय नव्हता. भाषा सोपी राहिली तरी लिपी अवघड झाल्याने ग्रंथ वाचण्यासाठी तो शिकवणारा अधिकारी गाठणे भाग पडले. पंथात स्त्रिया संन्यास घेत राहिल्या आणि आजही घेतात, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जाणण्याचा अधिकार एकदा मिळाला म्हणून तो टिकतोच असे नाही आणि तो कोणी जाहीरपणे काढून घ्यावा लागतो असेही नाही, हे या इतिहासातून दिसते.

माहूरच्या गडावर महानुभावांच्या स्थानाखेरीज तीन शिखरे आहेत, रेणुका, दत्त आणि अनसूया यांची, आणि तेथे स्त्रीत्वाचे दोन वेगळे आदर्श समोरासमोर उभे आहेत. अनसूया ही पातिव्रत्याच्या तेजाने तिन्ही देवांना बालके करणारी ऋषिपत्नी आहे, म्हणजे तिचे सामर्थ्य पतिनिष्ठेतून येते. रेणुकेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पतीच्या आज्ञेने पुत्राच्या हातून शिरच्छेद झालेली आणि पुन्हा जिवंत झालेली ही माता स्थानिक कथेनुसार जमदग्नींच्या चितेवर सती जाते, नंतर पुत्राच्या ओढीने भूमीतून प्रकट होऊ लागते, आणि परशुरामाने मागे वळून पाहण्याची घाई केल्यामुळे केवळ मुखापर्यंतच वर येते. म्हणून माहूरला देवीच्या मुखाचीच पूजा होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात रेणुकेचा शोध घेताना या ऋषिपत्नीच्या कथेखाली दडलेली भूदेवी, सर्जनाची देवता, उकलून दाखवली, आणि त्यांचे मत मान्य केले तर पतीची आज्ञा आणि पुत्राचा परशू हे नंतरचे आवरण ठरते. मात्र आदिम मातृदेवता सापडली म्हणजे तिच्या काळी स्त्रियांना सत्ता होती, असा जो निष्कर्ष काही लेखक घाईने काढतात, त्याला ढेऱ्यांच्या संशोधनात आधार नाही. देवी पूज्य असणे आणि स्त्रीला अधिकार असणे या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत, आणि साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या या गडावरही पौरोहित्य परंपरेने पुरुष घराण्यांकडे राहिले आहे.

तरीही देवीच्या उपासनेत स्त्रियांचा स्वतःचा एक प्रदेश आहे. परडी घेऊन जोगवा मागणे, नवरात्रात आराधी म्हणून गाणी म्हणणे, ओटी भरणे आणि अंगात येणे, हे सारे पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून चालते. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी 1971 साली असा सिद्धांत मांडला की अंगात येणे हे दुर्बळांचे आडवळणाचे हत्यार आहे. एरवी जिचे कोणी ऐकत नाही ती सून देवीच्या तोंडून बोलते तेव्हा सासरा हात जोडतो. या सिद्धांताची ताकद उघड आहे, पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की संचार ओसरला की अधिकारही ओसरतो, कारण बोलली ती देवी असे मानले जाते आणि स्त्रीच्या नावावर काही जमा होत नाही. दुसरी उणीव सबा महमूद यांनी कैरो येथील मुस्लिम स्त्रियांच्या अभ्यासातून, 2005 साली, नेमकेपणाने दाखवली : धार्मिक स्त्रीच्या प्रत्येक कृतीत छुपा निषेध शोधणारा अभ्यासक तिचा श्रद्धेचा हेतू बाजूला सारतो आणि स्वतःची इच्छा तिच्यावर लादतो. जोगवा मागणारी स्त्री देवीसाठीच जोगवा मागते, हे तिचे म्हणणे आधी खरे मानले पाहिजे. मात्र तिची श्रद्धा खरी मानल्याने गाभाऱ्याची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न मिटत नाही, आणि महमूद यांच्या विचाराचा आधार घेऊन तो प्रश्नच गैरलागू ठरवणे ही पळवाट होईल.

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे, कारण तेथे प्रश्नाचे स्वरूप सरळ आहे. निक्की-गुनिंदर कौर सिंग यांनी 1993 साली शीख धर्मवाणीतील स्त्रीरूपांचे महत्त्व उलगडले, तर डॉरिस जेकबश यांनी 2003 साली शीख इतिहासलेखनाने स्त्रियांविषयी बाळगलेल्या मौनाकडे लक्ष वेधले, आणि दोघींचेही प्रतिपादन नांदेडात एकत्र दिसते. खालशाची माता मानल्या गेलेल्या माता साहिब कौर यांच्या स्मरणार्थ येथे गोदाकाठी स्वतंत्र गुरुद्वारा आहे, अमृतदीक्षा स्त्री-पुरुष दोघांनाही मिळते, आणि 1945 साली मान्य झालेल्या शीख रहित मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, स्त्रियांना धार्मिक सेवेपासून रोखलेले नाही; परंतु हजूर साहिबने आपली जुनी मर्यादा जपली आहे आणि तेथील गाभाऱ्यातील सेवा पुरुषांकडेच आहे. हा केवळ दक्षिणेतील अपवाद नव्हे. अमृतसरच्या दरबार साहिबमध्ये स्त्रियांना कीर्तनसेवा करू द्यावी असा ठराव पंजाब विधानसभेला 2019 साली करावा लागला. लिखित नियम अनुकूल असतानाही रूढी पुरेशी ठरते, एवढे यावरून सिद्ध होते.

लातूर जिल्ह्यात आणि बिदरला लागून असलेल्या सीमाभागात लिंगायत परंपरेने या प्रश्नाला सर्वांत पुढे नेले असे म्हणता येते. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, उभ्या राहिलेल्या या चळवळीत इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे व्यक्तिगत लिंग, स्त्री आणि पुरुष दोघांनाही मिळते, आणि जनन, मरण, रजस्राव, जाती व उच्छिष्ट ही पाचही सुतके नाकारली जातात. लिंग स्वतःच्या देहावर असल्याने पाळीच्या दिवसांतही पूजा खंडित होत नाही. तीसहून अधिक स्त्रियांनी वचने रचली आणि त्यांत मोलमजुरी करणाऱ्या स्त्रिया होत्या. सांडलेले तांदूळ वेचून जगणाऱ्या मारय्याने एके दिवशी गरजेपेक्षा जास्त तांदूळ घरी आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने त्याला ते परत टाकून यायला लावले, ही कथा येथे फार बोलकी आहे, कारण त्यात धर्माचा अर्थ लावणारी पत्नी आहे आणि ऐकणारा पती आहे. विजया रामस्वामी यांनी वीरशैव स्त्रियांवरील आपल्या अभ्यासात या मोकळिकीची आणि तिच्या मर्यादांची दोन्ही अंगे तपासली. अक्कमहादेवीची अल्लमप्रभूंनी अनुभवमंटपात घेतलेली परीक्षा ज्या ‘शून्यसंपादने’त वाचायला मिळते तो ग्रंथ पंधराव्या शतकातला आहे, म्हणजे तो संवाद ऐकताना तीन शतकांनंतरच्या पुरुष संपादकांचा आवाजही ऐकू येतो. शिवाय गावोगावी दीक्षासंस्कार करणारे जंगम पुरुषच राहिले, म्हणजे ग्रहणाचा अधिकार पूर्ण, जाणण्याचा बराचसा, आणि देण्याचा पुन्हा अपुरा.

1970 साली धारवाड येथे माते महादेवी यांना जगद्गुरू पदावर बसवण्यात आले, आणि लिंगायत परंपरेत स्त्रीने हे पद धारण करण्याचा हा पहिला प्रसंग होता. त्यांनी दीक्षा दिल्या, प्रवचने केली, ग्रंथ लिहिले आणि स्वतंत्र धर्माच्या मागणीचे नेतृत्व केले; 2017 साली त्या मागणीसाठी बिदर आणि बेळगावप्रमाणे लातूरलाही मोठा मेळावा भरला. त्यांच्या अधिकाराची खरी कसोटी मात्र पदाने पाहिली गेली नाही. बसवेश्वरांच्या वचनांतील मुद्रिका, म्हणजे प्रत्येक वचनाच्या अखेरीस येणारे देवाचे नाव, ‘कूडलसंगमदेव’ अशी आहे. माते महादेवींनी आपल्या संपादनात तिच्या जागी ‘लिंगदेव’ असे नाव घातले, अनुयायांच्या भावना दुखावल्याच्या कारणावरून कर्नाटक सरकारने 1998 साली त्या पुस्तकावर बंदी घातली, आणि ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली कायम ठेवली. मूळ पाठात असा बदल करणे संपादनशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय नव्हते, आणि त्या बाबतीत त्यांच्या विरोधकांची बाजू बळकट होती. पण स्त्रीला वचनांचा अर्थ लावण्याचा किंवा पाठ ठरवण्याचा अधिकारच नाही हा बंदीचा आधार नव्हता. वाद मुद्रिका कोणती खरी यावर झाला, आणि एका स्त्रीने केलेल्या धर्मनिर्णयाला चूक ठरवण्यासाठी शासनाला आणि न्यायालयाला त्या निर्णयाच्या मजकुरातच शिरावे लागले.